नऊचा राग सहालाच सुरू होतो

डोंबिवलीतलं एक घर धरू. असं घर आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतं. वडील दादरला एका खासगी कंपनीत हिशेब बघतात. आई शाळेत शिकवते. मुलगा नववीत आहे. रात्रीचे नऊ वाजलेत, गणिताची वही कोरी आहे आणि मुलाच्या हातात मोबाइल आहे. वडील विचारतात, "झालं का गणित?" मान वर न करता मुलगा म्हणतो, "करतोय ना!" पुढच्या दहा सेकंदांत वही भिंतीवर आदळते, मोबाइल हिसकावला जातो आणि मुलाला असं काही बोललं जातं की जे दुसऱ्या दिवशी परत घेता येत नाही. त्या रात्री कुणी जेवत नाही.

राग का आला असं विचारलं, तर घरातले तिघंही मोबाइलकडे बोट दाखवतील. पण याच मुलाने मागच्या रविवारी अशीच वही कोरी ठेवली होती. तेव्हा वडिलांनी नुसतं "चल, बस बघू माझ्यापाशी" म्हटलं होतं. वहीही तीच होती आणि मोबाइलही तोच. मग बुधवारी वेगळं काय होतं, ते पाहू.

संध्याकाळी सहा वाजता साहेबांनी चार माणसांसमोर तक्ता परत करायला लावला होता. वडील "हो सर" म्हणाले आणि तक्ता केला. दुपारी एकला डबा खाल्ल्यानंतर पोटात फक्त चहा गेला होता. दादरला फास्ट लोकल उशिरा आली आणि दारातच कुणाची तरी सॅक बरगडीत रुतत राहिली. डोंबिवलीला रिक्षाची रांग होती. सव्वाआठला घरात पाऊल टाकताच बायकोने विचारलं, "कोथिंबीर आणलीत?" तिने साधंच विचारलं होतं, पण ते जाब विचारल्यासारखं ऐकू आलं. नऊ वाजता मुलाच्या वाट्याला जे आलं, त्यातलं बरंचसं त्याच्या नावाचं नव्हतंच. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

हे नेमकं कसं घडतं, याचा शोध अमेरिकेत डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात घेतला. त्याच्या प्रयोगांची कल्पना साधी होती. स्वयंसेवकांना आधी कुणीतरी डिवचायचं. मग काहींना सायकलचे पेडल मारायला लावायचे आणि काहींना बसल्या जागचं हलकं काम द्यायचं. त्यानंतर डिवचणाऱ्याला शिक्षा देण्याची संधी द्यायची. पेडल मारणाऱ्यांनी जास्त कडक शिक्षा दिली. सायकलीचा आणि भांडणाचा काही संबंध नव्हता. पण धडधडणारं हृदय आणि वाढलेला रक्तदाब कशामुळे आहे, याची चिठ्ठी शरीर जोडून ठेवत नाही. समोर जे कारण दिसतं, त्याच्या खात्यावर ते सगळं जमा होतं.

यातला पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्यायाम संपल्यासंपल्या माणसाला कळत असतं की आपण दमलोय, छाती त्यामुळे धडधडतेय. तेव्हा तो ती धडधड कुणावर ढकलत नाही. काही मिनिटांनी त्याला वाटतं की आपण पूर्ववत झालो. मोजून पाहिलं तर शरीर अजून चढलेलंच असतं. धोका याच मधल्या काळात असतो. माणूस स्वतःला शांत समजत असतो, त्यामुळे आता जे काही वाटेल ते समोरच्यामुळेच वाटतंय, अशी त्याची खात्री असते. भांडण मिटल्यावर दहा मिनिटांत क्षुल्लक गोष्टीवरून ते पुन्हा पेटतं आणि दुसरी फेरी पहिलीपेक्षा वाईट होते, याचं कारण बऱ्याचदा हे असतं. पहिल्या फेरीची शिल्लक अंगात असतेच.

शरीराची ही गती समजून घेतली तर पुढचं सोपं जातं. धोका किंवा अपमान जाणवला की ॲड्रेनलिन रक्तात येतं. नाडी वाढते, श्वास वर चढतो, जबडा आणि मुठी आवळल्या जातात. ॲड्रेनलिन काही मिनिटांत ओसरू लागतं, पण त्याच्या मागोमाग येणारं कॉर्टिसॉल सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. मधे नवी ठिणगी पडली तर मोजणी पुन्हा सुरू होते. ती ठिणगी बाहेरूनच पडावी लागते असं नाही. "मला असं बोलतो?" हे वाक्य मनात पुन्हा म्हटलं तरी शरीर तेवढ्यावर कामाला लागतं.

इथे एक जुना समज आड येतो. राग म्हणजे कुकरमधली वाफ, ती बाहेर काढली नाही तर स्फोट होणार, असं आपण मानत आलोय. म्हणून कुणी उशी बडवायला सांगतं, तर कुणी मोकळ्या जागी जाऊन ओरडायला. बेंगळुरू, हैदराबादसारख्या शहरांत पैसे घेऊन वस्तू फोडू देणाऱ्या 'रेज रूम'सुद्धा निघाल्या. ब्रॅड बुशमन या संशोधकाने हा समज २००२मध्ये तपासला. सहाशे विद्यार्थ्यांनी निबंध लिहिले आणि त्यांना अतिशय कठोर शेरा मिळाला. मग एका गटाने शेरा देणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवली, दुसऱ्याने व्यायाम म्हणून बडवली आणि तिसरा गट दोन मिनिटं नुसता बसून राहिला. ज्याच्यावर राग आहे त्याला आठवून बॅग बडवणारे सर्वांत जास्त चिडलेले निघाले आणि नंतर त्यांनी सर्वांत जास्त आक्रमकपणा दाखवला. नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक होते. २०२४मध्ये बुशमन आणि सोफी क्यार्विक यांनी दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही हेच दिसलं. शरीराचा ताप उतरवणारे उपाय राग कमी करतात. ताप वाढवणारे करत नाहीत आणि त्यात धावणंसुद्धा आलं. धावणं हृदयाला चांगलं आहे, पण भांडणाच्या मधे उठून धावायला जाणं हा रागावरचा उपाय नाही.

आता त्या घराकडे परत जाऊ. साखळी कुठे तोडता आली असती?

सर्वांत सोपी जागा सव्वाआठची होती, घराचं दार उघडण्याआधीची. तेव्हा अजून कुणी कुणाला काही बोललेलं नाही. स्टेशनवर एक केळं किंवा चिक्की खाणं आणि जिन्यात पाच मिनिटं बसणं, एवढ्यानेही फरक पडतो. भुकेचा मुद्दा हलका समजू नये. बुशमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १०७ जोडप्यांना २१ दिवस रोज रात्री एक बाहुली दिली होती. जोडीदारावर जितका राग तितक्या टाचण्या तिला टोचायच्या. रक्तातली साखर ज्या रात्री कमी, त्या रात्री टाचण्या जास्त. भूक हेच एकमेव कारण आहे असं यावरून सिद्ध होत नाही. पण रिकाम्या पोटी अवघड विषय काढू नये, हे घरातल्या जुन्या बायकांचं शहाणपण त्याला धरूनच आहे.

त्या पाच मिनिटांत श्वास कसा घ्यायचा हे नीट सांगायला हवं, कारण 'दीर्घ श्वास घ्या' या सल्ल्यात अर्धीच गोष्ट असते. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाची गती कमी करते आणि आत घेताना तो लगाम सैल होतो. म्हणून महत्त्व सोडण्याला आहे. नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. छाती फुगवायची नाही, श्वास नेहमीएवढाच घ्यायचा, फक्त सावकाश. घाईघाईने मोठमोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात. मग 'मला हे जमत नाही' म्हणून माणूस सोडून देतो. मुंग्या आल्या तर समजावं की आपण जोरात श्वास घेतोय. आणखी एक, हे पहिल्यांदा भांडणात करून बघू नये. रोज रात्री अंथरुणावर पाच मिनिटं केलेलं असेल तरच बुधवारी नऊ वाजता ते आठवेल.

दुसरी जागा आठ वाजून पन्नास मिनिटांची, म्हणजे वही दिसली तेव्हाची. रागाला शून्य ते दहा असे गुण देऊन बघायची सवय लावली, तर लक्षात येतं की चारपर्यंत माणूस बोलू शकतो आणि सातच्या पुढे त्याला दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. खरं काम आहे ते चार ओळखण्याचं. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणी हातातली वस्तू आपटून ठेवू लागतं. ज्याला अंगातलं काही जाणवत नाही त्याने स्वतःच्या तोंडचे शब्द ऐकावेत. 'कायम', 'कधीच', 'नेहमी तुझं हेच' हे शब्द यायला लागले, किंवा "किती वेळा सांगायचं तुला?" असे उत्तर नको असलेले प्रश्न यायला लागले, की चार ओलांडलेले असतात. घरातल्या माणसांना ही चिन्हं आपल्या आधी माहीत असतात. शांत असताना एकदा त्यांना विचारून बघावं.

त्या क्षणी डोक्यात एक वाक्यही असतं. वडिलांच्या डोक्यात होतं, 'हा मला काडीची किंमत देत नाही.' नीट पाहिलं तर हे वाक्य सहा वाजता ऑफिसात तयार झालं होतं आणि तेव्हा ते साहेबांसाठी होतं. नऊ वाजता त्याचा पत्ता बदलला. रागाला सर्वांत जास्त चढवतो तो 'हे मुद्दाम केलंय' असा अर्थ. ट्रेनमध्ये पायावर पाय पडला तर दुखतं तेवढंच, पण मुद्दाम पाय दिला असं वाटलं तर डोकं फिरतं. त्यामुळे कॅमेऱ्यात काय दिसलं असतं, एवढंच स्वतःला सांगून बघायचं. कॅमेऱ्यात किंमत दिसत नाही. चौदा वर्षांचा मुलगा, कोरी वही, खाली घातलेली मान एवढंच दिसतं. ती वही कोरी आहे कारण त्याला बीजगणिताचं ते प्रकरण जमत नाहीये, ही शक्यता तेव्हा कुठे डोक्यात शिरते. डॉमिनिक मिशकोव्स्की, ईथन क्रॉस आणि बुशमन यांनी २०१२मध्ये डिवचलेल्या माणसांना तो प्रसंग भिंतीवरच्या माशीसारखा दुरून पाहायला सांगितला. स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा पाहणाऱ्यांपेक्षा त्यांचा राग आणि आक्रमकपणा दोन्ही कमी राहिले, तेही डोकं गरम असतानाच.

पण चार हुकले आणि सात झाले, तर विचार बदलायला जाऊ नये. तिथे उठून बाजूला होणं हाच उपाय उरतो. हे उठणं बहुतेक घरांत चुकीच्या पद्धतीने होतं आणि म्हणून 'आम्ही करून पाहिलं, उपयोग नाही' असं ऐकू येतं.

जॉन गॉटमन हे अमेरिकी संशोधक भांडणाऱ्या नवरा-बायकोंच्या अंगाला यंत्रं लावून नाडी मोजत असत. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणूस समोरच्याचं म्हणणं नीट ऐकूच शकत नाही, असं त्यांचं निरीक्षण आहे. एका प्रयोगात त्यांनी भांडण मधेच थांबवलं, यंत्र दुरुस्त करायचंय असं सांगितलं आणि जोडप्यांना अर्धा तास मासिकं वाचायला दिली. विषयावर बोलायचं नाही, एवढीच अट. अर्ध्या तासानंतर नाडी उतरली होती आणि तीच माणसं तोच विषय वेगळ्या सुरात बोलू लागली. म्हणून ते किमान वीस मिनिटांची सुटी सांगतात. पाच मिनिटांत वाटणारी शांतता ही झिलमनच्या प्रयोगातली फसवी शांतता असते.

मग वडिलांनी उठायचं कसं? मुलाला "जा आत" असं सांगायचं नाही. ज्याला राग आलाय त्याने स्वतः उठायचं. उठताना एकच वाक्य बोलायचं, "माझं डोकं तापलंय, आपण नऊ चाळीसला बोलू." वेळ सांगणं फार गरजेचं आहे. वेळ न सांगता गेलेला माणूस समोरच्याला सोडून गेल्यासारखा वाटतो आणि मग तो मागोमाग येतो. जाता जाता शेवटचं एक वाक्य फेकायचा मोह होतो, पण ते वाक्य फेकलं की सुटी वाया गेली. दार आपटणंही त्यातच आलं. दोन खोल्यांच्या घरात जायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे. गच्ची, जिना, सोसायटीच्या आवारात सावकाश एक फेरी, काहीच नसेल तर न्हाणीघर. मोटारसायकल काढायची नाही. पेग भरायचा नाही. मोबाइलवर लांबलचक मेसेज टाइप करत बसायचं नाही, कारण तो मेसेज म्हणजे तेच भांडण चालू ठेवणं.

त्या वीस मिनिटांत हातांना आणि लक्षाला काम हवं. वाळलेले कपडे घडी करणं, लसूण सोलणं, रेडिओ ऐकणं, काहीही. नुसतं येरझारा घालत 'आता गेल्यावर त्याला असं सुनावतो' याची उजळणी केली, तर माणूस गेला होता त्यापेक्षा जास्त तापून परत येतो. बुशमनच्या बॅग बडवणाऱ्यांचं तेच झालं होतं. वेळ झाल्यावर मनगटाशी पंधरा सेकंद नाडी मोजावी आणि चाराने गुणावं. एरवी बसल्या जागी ती किती असते हे आधी माहीत असलं, तर तुलना करता येते. ७२ असणारी नाडी अजून ९५ असेल तर परतून सांगायचं, "अजून दहा मिनिटं." दुसरी कसोटी अशी, की मुलाची बाजू त्याला पटेल अशा एका वाक्यात मनात मांडता येते का. 'तो आळशी आहे' हे वाक्य त्याला पटणार नाही. 'त्याला येत नाही आणि ते सांगायची लाज वाटते' हे पटेल. असं वाक्य सुचत नसेल तर अजून वेळ झालेली नाही.

आणि परत यायचंच. न परतणं, विषय गिळून झोपी जाणं, हा सुटीचा सर्वांत मोठा गैरवापर आहे. दोनदा असं झालं की घरातले "मी उठतो" या वाक्यावर विश्वास ठेवत नाहीत. परतल्यावर वडिलांची मागणी खरीच आहे, ती सोडायचं कारण नाही. "साडेआठनंतर मोबाइल माझ्या टेबलावर ठेवायचा. आज तीन गणितं आपण दोघं करू. कुठलं अडलंय ते दाखव." यात राग आहे, पण त्याला आता काहीतरी हवंय. माणसाचं भलं करतो तो एवढ्या आकारातला राग. रागच नको म्हणणारे मला पटत नाहीत. घरात कुणी चिडत नसेल तर बऱ्याचदा कुणीतरी गप्प बसवलेलं असतं.

हा सगळा करार भांडणात होत नाही. रविवारी सकाळी, चहा पिताना, तिघांनी बसून ठरवायचा. कोणतं वाक्य बोलायचं, कुठे जायचं, किती वेळ, मागे कुणी जायचं नाही, आणि हा हक्क मुलालाही आहे. नववीतल्या मुलाने "मला वीस मिनिटं द्या" म्हटलं तर ते उद्धटपणा धरायचं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हेच वडील सहा वाजता साहेबांसमोर "हो सर" म्हणाले होते. तिथेही शरीर तापलं होतं, पण तोल सुटला नाही. म्हणजे तोल सांभाळणं त्यांना येतं. ज्याचा राग नेहमी फक्त बायकोवर किंवा मुलांवर निघतो, ज्याची चाहूल लागली की घर चिडीचूप होतं, जो हात उचलतो, तिथे प्रश्न श्वासाचा उरत नाही. तिथे 'यांचा राग कसा कमी करू' हे बायकोने शिकत बसायचं काम नाही. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्यासाठी आहे आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. दारूच्या अंमलात असलेल्या माणसालाही वर सांगितलेलं काही लागू पडत नाही. आधी दारूचा इलाज लागतो. आणि शांत माणूस काही महिन्यांत अचानक चिडका झाला असेल, झोप उडाली असेल, वजन घटत असेल, हात थरथरत असतील, तर थायरॉइडची तपासणी करावी. पुरुषांमधलं नैराश्य तर रडण्यापेक्षा चिडचिडीतूनच अनेकदा दिसतं. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

फरक पडतोय हे ओळखायचं कसं? राग येणं बंद झालं का, हे बघायला गेलं तर निराशा पदरी येईल. रेमंड नोव्हाको यांनी १९७५पासून रागावरच्या उपचारांचा पाया घातला. या उपचारांत तीन वेगवेगळ्या गोष्टींकडे लक्ष देतात: राग किती वेळा आला, किती चढला आणि किती वेळ टिकला. कॅलेंडरच्या चौकोनात रोज रात्री तीन आकडे लिहून ठेवता येतात. महिन्याभराने वडिलांच्या कॅलेंडरवर राग तितक्याच वेळा आलेला दिसेल, पण आठाऐवजी पाच आणि दोन तासांऐवजी पंचवीस मिनिटं, तर ती प्रगती आहे. आकडे हलत नसतील तर त्यांच्या शेजारी त्या दिवशीचं जेवण, झोप आणि घरी पोचल्याची वेळही लिहायला लागावं. बुधवारीच आकडा का चढतो, हे मग त्या चौकोनांतूनच दिसू लागेल.